सहावारी एका बटणावर, नऊवारी मात्र शब्दांत

2025च्या ऑगस्टअखेरीस गूगलनं जेमिनी ॲपमध्ये फोटो बदलण्याची नवी सोय आणली. ‘नॅनो बनाना’ या टोपणनावानं ती ओळखली जाऊ लागली आणि सप्टेंबरात आपल्याकडचं इन्स्टाग्राम साड्यांनी भरून गेलं. अंगावर झुळझुळीत शिफॉन, केसांत फूल, मागच्या भिंतीवर मावळतीचा सोनेरी उजेड आणि सगळ्या चित्रावर जुन्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरची दाणेदार छटा. चेहरे वेगवेगळे होते, पण साडी, उजेड आणि भिंत बहुतेक ठिकाणी तीच. कारण सूचनाही तीच होती. कुणीतरी लिहिलेला इंग्रजी मजकूर एकीकडून दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवला जात होता.

फोनवरच्या ॲपमध्ये एका बोटानं कपडे बदलणारी जी बटणं असतात, त्यांचं काम बहुतेक वेळा असंच चालतं. ‘साडी’, ‘ब्लेझर’, ‘लग्नातला पोशाख’ अशा छोट्या चित्रामागे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली सूचना असते. आपण बटण दाबतो तेव्हा आपल्या फोटोबरोबर ती सूचना पुढे जाते. ज्यानं ती लिहिली त्याच्या मनातली साडी आणि आपल्या मनातली साडी एकच असेल, तर बटण पुरतं. ती वेगळी असेल, तर तेच बटण कितीही वेळा दाबलं तरी फरक पडत नाही. तेव्हा आपली सूचना आपणच लिहावी लागते. त्या लिहिलेल्या सूचनेला आता सगळे ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात.

बटण कुठवर पुरतं आणि कुठे संपतं हे समजून घ्यायला महाराष्ट्राचा पोशाख फार उपयोगी आहे. फेट्यापासून सुरुवात करून नऊवारीपर्यंत आलं, की ही हद्द स्पष्ट दिसते.

डोक्यावरचं काम सोपं

व्हिडिओ कॉलवर किंवा कॅमेऱ्यात थेट दिसणारे फिल्टर नवं चित्र तयार करत नाहीत. ते चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधतात आणि आधीच बनवलेली वस्तू त्या बिंदूंवर बसवतात. गूगलचं ‘मीडियापाइप’ हे या कामाचं एक प्रसिद्ध साधन आहे. त्याची चेहऱ्याची जाळी 468 बिंदूंची आहे. याच साधनात संपूर्ण शरीरासाठी बिंदू आहेत फक्त 33, आणि त्यातलेही काही चेहऱ्यावरचेच. चेहरा किती बारकाईनं कळतो आणि धड-पाय किती ढोबळपणे, हे या दोन आकड्यांवरून लक्षात येतं.

म्हणून फेटा, पगडी, चंद्रकोर, चष्मा या गोष्टी एका बटणावर व्यवस्थित बसतात. डोकं कडक असतं. मान वळली की फेटा तेवढाच वळतो. फेट्याला घडी पडत नाही, तो अंगाभोवती गुंडाळायचा नसतो, त्याच्या आतून काही दिसायचं नसतं. गणपतीच्या मिरवणुकीसाठी किंवा शिवजयंतीच्या शुभेच्छांसाठी डोक्यावर भगवा फेटा हवा असेल, तर प्रॉम्प्ट लिहीत बसण्याची काही गरज नाही. मात्र कोल्हापुरी फेटा आणि पुणेरी पगडी यांतला फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल, तर बटणावरचं चित्र मोठं करून आधी बघा. बऱ्याच ॲपमध्ये एकच ‘भारतीय’ पगडी असते आणि ती राजस्थानी साफ्यासारखी दिसते. तिथे बटणाची तांत्रिक चूक काहीच नसते. ज्यानं ते बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर वेगळा प्रांत होता, एवढंच.

ब्लेझर: छातीपर्यंतचा फोटो

डोक्याच्या खाली उतरलं की काम बदलतं. नोकरीच्या अर्जासाठी घरच्या टी-शर्टवरच्या फोटोत ब्लेझर घालायचा असतो तेव्हा ॲप तीन गोष्टी करतं. टी-शर्ट कुठून कुठपर्यंत आहे ती जागा आखून घेतं, त्या जागेत नवा कपडा रंगवतं आणि मान, केस, खांदे यांच्या कडा जुळवतं. छातीपर्यंतच्या, समोरून काढलेल्या फोटोत ही तिन्ही कामं सोपी असतात. ब्लेझर दोन्ही बाजूंनी सारखा असतो, जुन्या कपड्याच्या बाह्यरेषेत जवळपास मावतो, आणि जगभरात त्याचे इतके फोटो उपलब्ध आहेत की यंत्रानं तो असंख्य वेळा पाहिलेला असतो. इथे ‘फॉर्मल’ लिहिलेलं बटण दाबणं हाच शहाणपणा आहे. लांबलचक प्रॉम्प्ट लिहून यापेक्षा बरा ब्लेझर क्वचितच मिळतो. उलट जास्तीच्या शब्दांमुळे यंत्र चेहऱ्यालाही हात लावण्याची शक्यता वाढते.

बटणानं काम नीट केलं का, हे तीन ठिकाणी बघावं. पहिलं ठिकाण मान. कॉलरच्या लगेच वर त्वचेचा रंग एकदम बदललेला दिसला, तर जोड फसला. दुसरं ठिकाण खांद्यावर आलेले मोकळे केस. तिथे ब्लेझर केसांच्या वर चढलेला किंवा केस मध्येच कापल्यासारखे दिसतात. तिसरं ठिकाण बटणांची पट्टी. पुरुषांच्या ब्लेझरची डावी बाजू उजवीवर येते, बायकांच्या ब्लेझरची रूढ पद्धत उलटी. नेमकं उलट दिसलं, तर ॲपनं दुसऱ्याचा साचा वापरला आहे किंवा फोटो आरशातल्यासारखा उलटा आहे.

पासपोर्टच्या फोटोवर मात्र हा प्रयोग करू नये. सॉफ्टवेअरनं बदल केलेला फोटो तिथे चालत नाही. घरात इस्त्रीचा शर्ट घालून साधा फोटो काढणं हाच तिथला मार्ग आहे.

सहावारी जमते, नऊवारी अडते

आता पूर्ण उंचीच्या फोटोकडे येऊ. सहावारी साडीचं बटण पूर्ण उंचीच्या फोटोतही बरं काम करतं. निऱ्या समोर खोचलेल्या असतात, खाली परकर असतो, त्यामुळे कमरेखालचा आकार एखाद्या लांब घागऱ्यासारखा एकसंध दिसतो. पाय झाकलेले असल्यामुळे यंत्राला ते काढावेच लागत नाहीत. शिवाय ‘साडी’ या शब्दाबरोबर यंत्रानं जे फोटो पाहिलेत ते बहुसंख्य याच नेसणीचे आहेत. म्हणून सप्टेंबरातल्या त्या लाटेत बहुतेकींना पहिल्याच प्रयत्नात साडी मिळाली.

नऊवारीची रचनाच वेगळी आहे. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचं हे वस्त्र परकराशिवाय नेसलं जातं. कमरेला गाठ बसते, समोर निऱ्या येतात, कापड दोन्ही पायांच्या मधून मागे नेऊन पाठीमागे कमरेत खोचलं जातं आणि काष्टा तयार होतो. त्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे गुंडाळलेले राहतात. बाई मांडी घालून बसू शकते, शेतात वाकू शकते, फुगडी घालू शकते, घोड्यावर बसू शकते. या वस्त्राचा सगळा अर्थ त्या काष्ट्यात आहे. आणि बटण नेमकं तेच विसरतं.

ज्या ॲपमध्ये ‘महाराष्ट्रीय’ किंवा ‘मराठी वधू’ असं बटण असतं, तिथे साधारण काय मिळतं? हिरवी किंवा जांभळी साडी, सोनेरी काठ, नथ, चंद्रकोर, केसांत गजरा. कमरेच्या वर सगळं मराठी. कमरेखाली मात्र सहावारीच्या निऱ्या. यंत्राला दागिने, रंग आणि टिकली हे ‘मराठीपण’ म्हणून ओळखता येतं, कारण ते प्रत्येक फोटोत समोर दिसतं. काष्टा मागे खोचलेला असतो, समोरून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा परिणाम: गुडघ्यांखाली दोन पायांमध्ये पडलेली फट आणि प्रत्येक पायावरून उतरणारा काठ. इतकी सूक्ष्म खूण तुलनेनं थोड्या फोटोंमधून यंत्राच्या पक्की लक्षात राहत नाही.

इथे एक व्यवहाराची गोष्ट आधी ठरवावी: फोटो कुठपर्यंतचा हवा आहे? मंगळागौरीच्या निमंत्रणावर कमरेपर्यंतचाच फोटो जाणार असेल, तर नऊवारी आणि सहावारी यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक फारसा उरत नाही. फोटो आधी कमरेपर्यंत कापून घ्या आणि खुशाल बटण दाबा. प्रॉम्प्टची गरज पाय दिसू लागले की सुरू होते.

एक फोटो घेऊन बघू

समजा, एका तरुणीचा पूर्ण उंचीचा फोटो आहे. ती जुन्या वाड्याच्या दगडी पायरीवर उभी आहे. अंगात लांब बाह्यांचा सैल कुर्ता, खाली जीन्स, खांद्यावर ओढणी, केस मोकळे. उजेड तिच्या एका बाजूनं, वरून येतो आहे. तिला या फोटोत नऊवारी हवी आहे.

प्रॉम्प्टच्या आधी फोटोकडेच बघायला हवं, कारण इथल्या निम्म्या अडचणी त्या फोटोतच आहेत. सैल कुर्त्यानं कमर आणि मांड्यांची रेषा झाकली आहे, तेव्हा पाय नेमके कुठे आहेत याचा यंत्राला अंदाज बांधावा लागेल. ओढणी खांद्यावरून लोंबते आहे, तिचाच पदर बनण्याची दाट शक्यता आहे, मग ती चुकीच्या खांद्यावर का असेना. बाह्या मनगटापर्यंत आहेत आणि चोळी कोपरापर्यंतची हवी आहे. म्हणजे कोपराखालचा हात यंत्र मनानं काढणार. जिथे नवा कपडा जुन्यापेक्षा कमी झाकतो तिथे दिसणारं शरीर खरं नसतं, ते रचलेलं असतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शक्य असेल तर तोच फोटो अंगालगतच्या कपड्यांत, अर्ध्या बाह्यांत, ओढणी बाजूला ठेवून, केस बांधून आणि पावलं दिसतील असा पुन्हा काढावा. पाय थोडे अलग ठेवले तर फारच उत्तम, कारण नऊवारीला जी फट लागते ती मग मूळ फोटोतच असते. 

असा सुधारलेला फोटो हाती आहे असं धरू. बहुतेक जण पहिल्यांदा लिहितात ते असं: ‘मला सुंदर पारंपरिक मराठी नऊवारी साडी नेसव.’ या वाक्यात यंत्राला उपयोगी पडेल असा शब्द एकच, ‘साडी’. ‘सुंदर’ म्हटल्यावर ते चेहरा उजळ करतं. ‘पारंपरिक’ म्हटल्यावर दागिने वाढवतं. ‘नऊवारी’ हा शब्द त्याला ओळखीचा असला तरी त्यातून काष्टा उमटेलच असं नाही. हे वाक्य म्हणजे पुन्हा बटणच झालं.

आता रचना सांगणारा प्रॉम्प्ट बघा.

‘फोटोतल्या तरुणीचा चेहरा, हावभाव, केस, हातांची जागा, उभं राहण्याची ढब आणि मागची दगडी पायरी जशीच्या तशी ठेव. फक्त पोशाख बदल. सध्याच्या कपड्यांच्या जागी महाराष्ट्रातली काष्ट्याची नऊवारी साडी दाखव. कमरेपाशी समोर निऱ्या आहेत. कापड दोन्ही पायांच्या मधून मागे नेऊन पाठीमागे कमरेत खोचलं आहे, म्हणून दोन्ही पाय धोतरासारखे वेगवेगळे गुंडाळलेले दिसतात आणि घोट्यांच्या मध्ये पायरीचा दगड दिसतो. रुंद काठ दोन्ही पायांवरून घोट्यापर्यंत उतरतो. पदर छातीवरून तरुणीच्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बाजूला, चुण्या घालून टाकला आहे. चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत. साडी जाड रेशमाची, जांभळी, हिरव्या काठाची, अपारदर्शक. उजेड आणि सावल्या मूळ फोटोतल्या दिशेनंच.’

यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. सुरुवात ‘काय ठेवायचं’ यानं होते, कारण न सांगितलेली प्रत्येक गोष्ट यंत्र स्वतःच्या मर्जीनं बदलू शकतं. ‘कपडे काढून’ असं न म्हणता ‘कपड्यांच्या जागी’ म्हटलं आहे. कपडे काढण्याचे शब्द दिसले की अनेक ॲप सुरक्षिततेच्या कारणानं विनंतीच नाकारू शकतात, आणि ते योग्यच आहे. परकर नाही हेही लिहिलेलं नाही. जे नको त्याचं नाव घेतलं की तेच चित्रात येण्याचा धोका असतो, म्हणून काय दिसायला हवं तेच लिहावं. ‘सहावारीसारख्या निऱ्या नकोत’ यापेक्षा ‘घोट्यांच्या मध्ये दगड दिसतो’ हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं. संपूर्ण प्रॉम्प्टमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. दोन पायांमध्ये जमीन दाखवायची म्हटल्यावर यंत्राला एकसंध घागरा काढताच येत नाही.

धोतराचा उल्लेखही विचारपूर्वक केला आहे. धोतराचे फोटो यंत्रानं पुष्कळ पाहिलेले असतात. काष्टा म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्याला माहीत असलेल्या वस्त्राचा आधार दिला, की ते बरोबर दिशेला वळतं. याच रीतीनं कोळी पद्धतीची नेसण हवी असेल तर ‘काठ घोट्याच्या बराच वर, पोटऱ्या उघड्या’ असं लिहावं. नुसतं ‘कोळी साडी’ म्हटलं तर मागे समुद्र आणि होडी येईल, नेसण मात्र तीच राहील.

भाषेबद्दल एक सूचना. नवी मोठी ॲप मराठीतला प्रॉम्प्ट चांगला समजतात. काही जुन्या, लहान ॲपच्या आत मात्र अशी यंत्रणा असते जी मजकुराचे ठरावीक इतकेच तुकडे वाचते. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांत ही मर्यादा 77 तुकड्यांची होती, आणि देवनागरी शब्दाचे तुकडे इंग्रजी शब्दापेक्षा जास्त पडतात. प्रॉम्प्टचा शेवटचा भाग ॲपनं वाचलेलाच नाही असं वाटलं, तर नेसणीची वाक्यं वर घ्या, रंग आणि दागिने खाली ढकला, किंवा तेवढाच मजकूर इंग्रजीत द्या.

डावं-उजवं: सगळ्यात जास्त फसवणारी जागा

नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर येतो आणि आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. फोटोत ही दोन्ही उलट बाजूला आली, तर घरातल्या कुठल्याही जाणत्या बाईच्या ते लगेच लक्षात येतं. आणि ही चूक वारंवार होते. तिची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण आपला सेल्फी. पुढचा कॅमेरा पडद्यावर आपल्याला आरशातल्यासारखं दाखवतो. काही फोन फोटो जपून ठेवताना तो सरळ करतात, काही तसाच उलटा ठेवतात. फोटो उलटा आहे की सरळ हे ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे त्यातली अक्षरं. मागच्या पाटीवरची किंवा अंगातल्या शर्टावरची अक्षरं उलटी असतील तर फोटो उलटा आहे. अक्षरं नसतील तर घड्याळ कुठल्या हातात आहे, भांग कुठल्या बाजूला आहे ते बघा. उलटा असेल तर गॅलरीत तो आधी आडवा पलटून घ्या, मगच ॲपमध्ये द्या. नंतर पलटायला गेलात तर पदर पुन्हा चुकीच्या बाजूला जाईल.

दुसरं कारण ‘डावा’ या शब्दात आहे. कुणाचा डावा, फोटोतल्या बाईचा की बघणाऱ्याचा? यंत्र कधी हा अर्थ घेतं, कधी तो. म्हणून वरच्या प्रॉम्प्टमध्ये दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: बाईचा स्वतःचा डावा खांदा, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. वाक्य थोडं अवजड होतं, पण इतका नेमकेपणा इथे लागतोच. बटणाला हा प्रश्न विचारायची सोयच नसते. त्याच्या साच्यात पदर ज्या खांद्यावर असेल तिथेच तो येतो.

पैठणीचा काठ शब्दांत मावत नाही

समजा नेसण जमली. आता त्या तरुणीला हवी आहे ती तिच्या आजीची पैठणी. येवल्याची, पदरावर मोर, काठ नारळी. इथे प्रॉम्प्टचीही हद्द येते.

‘पदरावर मोर’ असं लिहिलं तर मोर येईल, पण तो पैठणीचा नसेल. पैठणीतली नक्षी धाग्यांच्या विणकामातून उमटते, म्हणून तिच्या रेषांना बारीक पायऱ्या असतात, वळणं किंचित कोनदार दिसतात. यंत्र मोर काढतं तो कुंचल्यानं रंगवल्यासारखा, गोलाईदार पिसांचा. जरीचा पदर भरतकामासारखा फुगीर दिसतो. विणलेलं आणि रंगवलेलं यातला फरक शब्दांत कितीही सांगितला, तरी आजीच्या पदरावरचा मोर त्यातून येणार नाही. कारण ती साडी यंत्रानं कधी पाहिलेलीच नाही.

अशा वेळी दुसरा फोटो द्यावा. साडी सपाट जागेवर पसरून, खिडकीच्या सौम्य उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून सरळ फोटो काढावा. फ्लॅशमुळे जर पांढरी पडते आणि काठाची नक्षी पुसली जाते. पदर आणि काठ दोन्ही दिसतील असा एक फोटो पुरतो. मग प्रॉम्प्टमध्ये लिहावं: ‘नेसण वर सांगितल्याप्रमाणे. रंग, काठ आणि पदराची नक्षी दुसऱ्या फोटोतल्या साडीवरून घे.’ शब्द नेसणीची रचना सांगतात आणि फोटो कापड सांगतो. दोघांनी आपापलं काम केलं की चित्र खऱ्याच्या जवळ जातं.

जवळच जातं, तंतोतंत होत नाही. काठ सरळ उतरतो तिथे नक्षी ठीक राहते. निऱ्यांवरून आणि चुण्यांवरून जाताना मात्र मोर वितळून ठिपके होतात, नारळी काठाचे त्रिकोण लहानमोठे होतात. चित्र बोटांनी मोठं करून काठावरून नजर वरपासून खालपर्यंत फिरवा. मध्येच काठाची रुंदी बदललेली, किंवा एका पायावर हिरवा आणि दुसऱ्यावर निळसर झालेला दिसला, तर तो भाग पुन्हा करून घ्यावा लागेल. असा फोटो बघून साडी विकत घेण्याचा निर्णय तर कधीच घेऊ नये. कापडाचं वजन, त्याचा पडणारा झोक, अंगावर ते कसं बसेल, यातलं काहीही हे चित्र सांगू शकत नाही.

दुरुस्त्या करताना

चित्र आलं, पदर बरोबर, काष्टा बरोबर. आता नथ हवी, हिरव्या बांगड्या हव्यात, केसांत गजरा हवा. हे सगळं पहिल्याच प्रॉम्प्टमध्ये कोंबलं असतं तर नेसणीकडे यंत्राचं लक्ष कमी झालं असतं. म्हणून दागिने दुसऱ्या फेरीत सांगावेत. मोकळा अंबाडा आणि गजरा हवा असेल तर तेही तेव्हाच. नथीसाठी पुन्हा तेच: तिच्या स्वतःच्या डाव्या नाकपुडीत, बघणाऱ्याच्या उजव्या बाजूला.

पण फेऱ्या वाढवत नेणं धोक्याचं आहे. अशी बरीच ॲप दर फेरीला सगळं चित्र नव्यानं रचतात, तुम्ही फक्त बांगडी सांगितली असली तरी. प्रत्येक वेळी चेहरा किंचित बदलतो. एका फेरीत ते जाणवत नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर मात्र फोटोतली मुलगी तिची बहीण वाटायला लागते. म्हणून दोन-तीन फेऱ्यांत काम झालं नाही, तर तिथेच डागडुजी करत बसू नका. आतापर्यंत जे शिकलात ते सगळं एका प्रॉम्प्टमध्ये नीट लिहा आणि मूळ फोटोपासून पुन्हा सुरुवात करा. ज्या ॲपमध्ये बोटानं जागा रंगवून ‘फक्त एवढंच बदल’ असं सांगता येतं, तिथे बांगड्यांसाठी फक्त मनगट रंगवा. मग चेहरा त्या खेळात येतच नाही.

चेहरा तपासण्याची सोपी रीत म्हणजे मूळ फोटो आणि नवं चित्र शेजारी ठेवून भुवयांची जाडी, दातांची ठेवण, ओठांची वरची कड आणि जबड्याची रेषा बघणं. बदल सुरू होतो तो याच जागांपासून. त्वचा अचानक गुळगुळीत आणि उजळ झाली असेल, तर तोही बदलच आहे, भले तो कुणाला आवडो. प्रॉम्प्टमध्ये ‘त्वचेचा रंग आणि पोत मूळ फोटोप्रमाणेच’ हे वाक्य टाकणं म्हणूनच आवश्यक आहे. सावळ्या मुलीला नऊवारी हवी होती, गोरेपण तिनं मागितलं नव्हतं. बटणांमागच्या तयार सूचनांत ‘सुंदर’, ‘तेजस्वी’ असे शब्द लपलेले असू शकतात, आणि ते आपल्याला वाचताही येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. स्वतः प्रॉम्प्ट लिहिण्याचं मला हे सगळ्यात मोठं कारण वाटतं.

आणखी एक. वाड्यातल्या समूहफोटोतल्या सगळ्याजणींना नऊवारी नेसवायची असेल तर आधी त्या सगळ्यांना विचारा. त्यांचे चेहरे एका ॲपकडे जाणार आहेत आणि त्यांच्या अंगावरचे कपडे बदलले जाणार आहेत. होकार प्रत्येकीचा वेगळा लागतो.

बटण दाबण्याआधी

एवढं सगळं दर फोटोला करायचं नसतं. पाच सेकंद थांबून फोटोकडे बघितलं तरी निर्णय होतो. फोटो कमरेच्या वरचा आहे, समोरून आहे, पोशाख जगात सगळीकडे दिसतो तसा आहे: बटण दाबा. पोशाखात पाय, गाठी, खोचण किंवा गुंडाळणं येतं, त्याला डावं-उजवं आहे, किंवा तो एका प्रांताचा, एका समाजाचा खास आहे: प्रॉम्प्ट लिहा. आणि पोशाख म्हणजे कपाटातलं एक विशिष्ट वस्त्र असेल, तर प्रॉम्प्टबरोबर त्या वस्त्राचा फोटो द्या.

प्रॉम्प्ट लिहायचं ठरलं की इंटरनेटवर तयार मजकूर शोधू नका. ज्यांना नऊवारी नेसवता येते अशा आईला, मावशीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा: गाठ कुठे बसते, निऱ्या किती खाली येतात, काष्टा कुठून निघतो, पदराला चुण्या किती. त्या हातानं दाखवत सांगतील, तसंच वाक्यावाक्यानं लिहून घ्या. यंत्रानं नऊवारी क्वचित पाहिली आहे आणि त्यांनी आयुष्यभर नेसवली आहे. प्रॉम्प्टमध्ये जे लागतं ते ज्ञान त्यांच्याकडेच आहे.